ब्लँकला ‘निरंक’ म्हणावं का? आणि मॅट्रिक्सचं काय करायचं?

पिपेटवाली
मंडळी, एक मदत हवीय. कॉलेजच्या लॅबमधे मातीतलं शिसं मोजायची पद्धत मराठीत लिहून भिंतीवर लावायचीय, कारण आमचे लॅब असिस्टंट दादा इंग्रजी कागदाकडे बघतच नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही अर्धाच बघते. पद्धत साधी आहे, 1 ग्रॅम माती आम्लराजात उकळायची, गाळून 50 मिली करायची आणि एएएस म्हणजे अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन मशीनच्या ज्योतीत 283.3 नॅनोमीटरला वाचायची. अडलंय शब्दांवर. ब्लँकला मी ‘निरंक नमुना’ लिहिलंय, मॅट्रिक्स इंटरफिअरन्सला ‘आव्यूह हस्तक्षेप’, आणि ब्लँक करेक्शन, बॅकग्राउंड करेक्शन वगैरे सगळ्याला सरसकट ‘दुरुस्ती’. वाचून मलाच हसू येतंय. सुचवा काहीतरी.

शब्दवेडी
आव्यूह गणितातला, तो आधी काढ. आणि हस्तक्षेप म्हटलं की मला पालकमंत्री आठवतात.
निरंक पण नको गं. निरंक म्हणजे तहसीलच्या तक्त्यात ‘माहिती निरंक’, म्हणजे काहीच नाही. तुझ्या ब्लँकमधे काहीच नसतं का?

पिपेटवाली
नसायला हवं ना! माती नसते त्यात. पण गंमत म्हणजे मशीनवर साधं 2 टक्के नायट्रिक वाचलं की कधीकधी -0.002 येतं, म्हणजे निरंकापेक्षाही कमी 😅 त्याकडे मी दुर्लक्ष करते.

बांधावरून
मॅडम मी मागच्या वर्षी माती तपासून घेतली, कार्डावर 12 गोष्टी आल्या, झिंक लोह तांबं मँगनीज सगळं, पण शिसं कुठंच नाही. आमचं रान हायवेला लागून आहे. म्हणजे शिसं निरंक समजायचं का?

खडूस केमिस्ट
बांधावरून, नाही हो. त्या 12 मधे शिसं मोजतच नाहीत, न मोजलेलं आणि नसलेलं यात फरक आहे. शिवाय कार्डावरचं झिंक वगैरे डीटीपीएच्या अर्कातलं असतं, पिकाला मिळू शकेल तेवढंच निघतं. पिपेटवाली करतेय ते डायजेशन, वेगळा प्रकार. हायवेलगतच्या वरच्या थरात जुन्या पेट्रोलचं शिसं अजून असू शकतं, ते पेट्रोल देशभर 2000 साली बंद झालं पण शिसं मातीतून सहजी हलत नाही. तपासायचंच असेल तर शिसं वेगळं सांगून करून घ्या.

आता पिपेटवाली, त्या -0.002 कडे दुर्लक्ष करू नकोस, तुझा सगळा गोंधळ तिथंच आहे. झिरो कशावर मारतेस?

पिपेटवाली
सर, ब्लँकवर. म्हणजे माती न घालता जो बीकर आम्लराजात उकळला त्यावर. आणि मग एक्सेलमधे ब्लँकचे 10 मिलिग्रॅम प्रति किलो वजा करते, ते पहिल्या रनमधे निघाले होते.

खडूस केमिस्ट
झालं. एकच ब्लँक दोनदा वजा केलास. शिजवलेल्या ब्लँकवर झिरो मारलास म्हणून त्याच्यातलं शिसं मशीनने आधीच काढून टाकलं, आणि म्हणूनच साधं आम्ल शून्याच्या खाली दिसतं, ते त्या ब्लँकपेक्षा स्वच्छ आहे एवढंच त्याचं म्हणणं. झिरो साध्या आम्लावर मार आणि शिजवलेला ब्लँक नमुन्यासारखा वाच. तो 0.002 वाचेल. तुझ्या मशीनला 1 मिलिग्रॅम प्रति लिटरला साधारण 0.010 येत असेल तर हे 0.2 झालं, 50 मिली आणि 1 ग्रॅमने 10 मिलिग्रॅम प्रति किलो. तुझे 10 बरोबर आहेत, फक्त ते एकदाच जायला हवेत.

चहा_कमी_साखर
मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही पण ब्लँकला ‘कोरा’ का नाही म्हणत? कोरा चहा म्हणजे काय, पाणी नव्हे. पत्ती, साखर, आलं सगळं असतं, उकळलेलाही असतो, फक्त दूध नाही. तुमच्यातही सगळं घालून फक्त माती नाही असंच ना?

खडूस केमिस्ट
वा. हे घ्या. अगदी तेच. आणि त्यामुळे दादांना एक गोष्ट आपोआप कळेल, की कोरा नमुना म्हणजे बाटलीतलं आम्ल नव्हे, तो तेवढाच वेळ, त्याच हॉटप्लेटवर, त्याच प्रकारच्या बीकरमधे उकळलेला आणि त्याच फिल्टर पेपरमधून गाळलेला हवा. पोरं ब्लँक गाळत नाहीत, आळस. मग पेपरमधून किंवा फनेलवरून आलेलं शिसं नमुन्यात दिसतं, ब्लँकमधे दिसत नाही, आणि ते मातीच्या नावावर जातं. कोरे तीन तरी ठेव. समजा दोन 0.002 आले आणि एक 0.007, तर सरासरी काढून मोकळी होऊ नकोस, त्या तिसऱ्या बीकरमधे आधी कुणीतरी रंगाचे पापुद्रे उकळलेत. तो बीकर नायट्रिकमधे भिजत घाल.

लॅबरॅट_07
सर एवढा ताप कशाला, स्टँडर्ड अ‍ॅडिशन करायचं, म्हणजे नमुन्यातच मोजून शिसं घालत वाचायचं, की सगळं आपोआप दुरुस्त होतं. मॅट्रिक्स गेला, बॅकग्राउंड गेलं, ब्लँकची पण गरज नाही. आम्ही तसंच करतो.

खडूस केमिस्ट
एक तृतीयांश बरोबर. मॅट्रिक्स जातो. बाकी दोन नाही जात. पिपेटवाली, अ‍ॅडिशनचे आकडे आहेत का तुझ्याकडे?

पिपेटवाली
आहेत सर. 10 मिली डायजेस्टमधे 1000 चं स्टँडर्ड 20 आणि 40 मायक्रोलिटर घातलं, म्हणजे 2 आणि 4 मिलिग्रॅम प्रति लिटरची भर. न घालता 0.015, मग 0.031, मग 0.047. हे सगळं त्या चुकीच्या झिरोवर, म्हणजे खरे 0.017, 0.033, 0.049 धरायचे का?

खडूस केमिस्ट
धर. आता बघ, 2 घातल्यावर 0.016 वाढलं, म्हणजे डायजेस्टमधे 1 ला 0.008 मिळतात. साध्या स्टँडर्डमधे 0.010 मिळत होते. शिसं तेवढंच, पण मातीच्या संगतीत ते 20 टक्के कमी बोलतं. हा तुझा मॅट्रिक्स. म्हणून 0.017 ला 0.008 ने भागायचं, 2.125 आलं. कोऱ्यात मात्र माती नाही, त्याची संगत वेगळी, त्याला 0.010 नेच भागायचं, 0.2. आधी दोन्हीची कॉन्सन्ट्रेशन काढायची आणि मग वजाबाकी, शोषणाचे आकडे एकमेकांतून वजा करायचे नाहीत. 1.925 गुणिले 50, म्हणजे 96 मिलिग्रॅम प्रति किलो. एक्सेलमधे तुझं किती आलं होतं?

पिपेटवाली
65 😐 0.015 ला 0.010 ने भागून 75, वजा 10.

लॅबरॅट_07
ओके ब्लँक पटला. आम्लातलं शिसं पण खरंच शिसंच, रेषेला काय कळणार ते कुठून आलं. पण बॅकग्राउंड?

खडूस केमिस्ट
समज बॅकग्राउंड काढणारा ड्युटेरियम दिवा बंद राहिला आणि ज्योतीतल्या मिठांनी 0.006 एवढा प्रकाश उगाच अडवला. मग तिचे आकडे 0.023, 0.039, 0.055 होतील. वाढ तीच, 0.016. रेघ तशीच्या तशी वर सरकली, तिरकेपणा बदललाच नाही, आणि अ‍ॅडिशनला फक्त तिरकेपणा दिसतो. उत्तर येईल 134. रेघ मात्र इतकी सुरेख सरळ की कुणाला शंकाही येणार नाही. 217.0 ची रेष वापरलीत तर सिग्नल दुपटीच्या आसपास मिळतो पण ही कटकटही तिथं जास्त.

शब्दवेडी
थांबा थांबा, मग हाच शब्दांचा मुद्दा झाला ना! तिने तिघांना एकच ‘दुरुस्ती’ लिहिलंय. कोऱ्यात खरं शिसं आहे पण मातीचं नाही, ते वजा. बॅकग्राउंडमधे शिसंच नाही, नुसता प्रकाश अडलाय, तोही वजा, पण मशीनच्या आत. मॅट्रिक्समधे शिसं आहे, मातीचंच आहे, पण कमी दिसतंय, तिथं वजाबाकी नाहीच, भागाकार बदलायचा. मग कोऱ्याला ‘वजावट’, बॅकग्राउंडला ‘पार्श्वशोषण काढणे’ असं वेगवेगळं लिही.

आणि एक राहिलं. मथळ्यात ‘आण्विक शोषण’ लिहिलं असशील तर सांभाळून. आपल्याकडे अणू म्हणजे अ‍ॅटम, पण हिंदीत अ‍ॅटम परमाणु आणि अणु म्हणजे आपला रेणू. हिंदी पुस्तकात ‘आण्विक अवशोषण’ दिसलं तर ते रेणूंचं.

खडूस केमिस्ट
आणि ज्योतीतलं पार्श्वशोषण बरंचसं रेणूंचंच असतं, बाकी कणांवरून विखुरलेला प्रकाश. म्हणजे हिंदीतून शिकून आलेला पोरगा तुझा मथळा वाचेल तर त्याला वाटेल आपण नेमकं तेच मोजतोय जे टाळायचंय. ‘अणुशोषण’ लिही, आटोपशीर.

चहा_कमी_साखर
शोषण वाचून मला सावकार आठवतो पण असो.

पिपेटवाली
कोरा फायनल! दादांना सांगितलं तर ते म्हणाले “मग तसं सांगायचं ना आधी”. अणुशोषण पण लिहिते. इंटरफिअरन्सला ‘अडथळा’ चालेल का?

लॅबरॅट_07
अडथळा चांगलाय, सिग्नल कमीच होतो.

खडूस केमिस्ट
तुमच्या मातीत कमी झाला. कुठे वाढतोही. अडथळा म्हटलं की पोरं गृहीत धरतात उत्तर खरं त्यापेक्षा कमीच आलं असणार आणि मग 134 वर विश्वास ठेवतात.

शब्दवेडी
मग ‘लुडबूड’. लुडबूड करणारा काम वाढवतोही, बिघडवतोही. मातीची लुडबूड.

खडूस केमिस्ट
भिंतीवर लुडबूड? एचओडी काढायला लावतील. पण मला आवडला.

पिपेटवाली, ती लुडबूड नक्की मातीचीच आहे याची मला अजून खात्री नाही बरं. तुझी स्टँडर्ड्स कशात आहेत?

पिपेटवाली
2 टक्के नायट्रिकमधे सर.

खडूस केमिस्ट
आणि डायजेस्ट दाट आम्लराजातलं. म्हणजे 20 टक्क्यांतलं काही तुझ्या आम्लाचंही असेल, दाट द्रव ज्योतीकडे कमी ओढला जातो. मेजरिंग सिलिंडर घे आणि मिनिटाला किती मिली ओढतंय ते दोन्हीचं बघ. मग स्टँडर्ड त्याच आम्लात करून बघ. 0.010 चे 0.008 झाले तर माती निर्दोष. नाही झाले तर चुना आणि लोखंड, काळी माती असेल तर दोन्ही भरपूर. आम्ल घातल्यावर फसफसली होती का?

पिपेटवाली
बीकरबाहेर आली होती 🙈

खडूस केमिस्ट
मग तो नमुना टाक आणि नवा घे. बाहेर आलेल्या फेसात किती शिसं गेलं ते कुठलीच दुरुस्ती सांगणार नाही. आम्ल थेंबाथेंबाने घाल, फसफस थांबेपर्यंत गरम करू नको. आणि हो, त्या मशीनवर 0.001 म्हणजे 5-6 मिलिग्रॅम प्रति किलो, तेव्हा 96.25 वगैरे लिहू नकोस.

बांधावरून
सर चुनखडीचं रान आमचं पण आहे. पोतं भरून माती पाठवू का?

पिपेटवाली
दादा पोतं नको, अर्धा किलो पुरे, वरच्या 15 सेंटीमीटरची, रस्त्याकडची आणि आतली वेगळी. पत्रा लागलेलं खोरं वापरू नका.

सिलिंडर लावून बघितला सर. स्टँडर्ड मिनिटाला 5 मिली, डायजेस्ट 4.4. म्हणजे निम्मंअधिक कमी ओढल्यामुळेच निघालं, त्यात आम्लाचं किती आणि मातीचं किती ते त्याच आम्लातली स्टँडर्ड्स झाली की कळेल, सोमवारी. मॅट्रिक्सला मात्र अजून शब्द नाहीच. ‘संगत’ लिहू का? सर वरती म्हणाले तो.

शब्दवेडी
संगतीची लुडबूड. मी तर लिहिलं असतं.