मदत हवी आहे: दिवा-चेंडूच्या प्रयोगात पौर्णिमेलाच चंद्र काळा!

सराफ्याची आत्या (इंदूर)

मंडळी, भाची सहावीत आहे. सोमवारी तिला वर्गात चंद्राच्या कला दिवा आणि चेंडू घेऊन करून दाखवायच्या आहेत. काल रात्री हॉलमधले सगळे लाईट बंद करून आम्ही रंगीत तालीम केली आणि सपशेल फजिती झाली.

टेबलावर शेड काढून ठेवलेला दिवा म्हणजे सूर्य. विणकामाच्या सुईवर खोचलेला थर्माकोलचा गोळा म्हणजे चंद्र. आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून गोळा समोर धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू गिरकी घ्यायची. आधी तिने केलं, मग मी.

दिव्याकडे पाठ केली की गोळा पार काळा. "आत्या, पौर्णिमेलाच अमावस्या!" म्हणून ती हसत सुटली आणि लगेच निष्कर्षही काढून मोकळी झाली, की कला पृथ्वीच्या सावलीमुळेच होतात. तसं नाही हे मला माहीत आहे, पण का नाही ते सांगता येईना.

दुसरी भानगड अशी की दिव्यापासून बरोबर काटकोनात वळल्यावर गोळा अर्धा उजळलेला दिसायला हवा ना? आमचा तर पाऊण उजळलेला. अर्धा त्याच्या कितीतरी आधीच होऊन गेला होता. दिवा साधारण एक मीटरवर होता, वायर तेवढीच पुरली. काय चुकतंय?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

सोपं आहे ताई. तुमच्या डोक्याची सावली गोळ्यावर पडते, म्हणजे तुम्ही पौर्णिमा नाही, चंद्रग्रहण केलंत. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून खरं ग्रहण दर पौर्णिमेला होत नाही. गोळा पाच अंश वर धरा, काम झालं.

बडोदेकरीण

चंद्राचाच विषय निघालाय म्हणून विचारते. संकष्टीला आमच्याकडे ढग होते, कॅलेंडरवर वेळ मुंबईची. चंद्र दिसलाच नाही तर वेळ झाली म्हणून उपास सोडायचा की थांबायचं? सासूबाई म्हणतात थांब, आणि थांबता थांबता साडेदहा वाजले.

निवृत्त मास्तर

लष्करवाले, कारण अगदी बरोबर सांगितलंत, पण तेवढ्याने काम होणार नाही. हात लांब केल्यावर गोळा डोळ्यापासून साधारण ६० सेंमीवर असतो. तिथे पाच अंश म्हणजे जेमतेम पाच सेंमी. आत्याबाईंचं डोकं त्याहून मोठंच असणार. गोळा चांगला वीतभर वर धरा आणि अंबाडा असेल तर आणखी थोडा. मग तो सावलीतून बाहेर पडून पूर्ण उजळलेला दिसेल.

आता हा फरक का पडतो ते भाचीला दाखवा, त्यातच तिच्या सावलीच्या शंकेचं उत्तर आहे. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं २२ सेंमी धरलं, तर त्या मापाने चंद्र ६ सेंमीचा होतो. तुमचा गोळा साधारण तेवढाच असेल. पण तो धरायला हवा साडेसहा मीटरवर, कारण खरा चंद्र पृथ्वीच्या तीस व्यासांइतका लांब आहे. म्हणजे भाची हॉलच्या या टोकाला आणि गोळा पार गॅलरीत. तेवढ्या अंतरावर पाच अंश म्हणजे जवळपास दोन फूट! चंद्र बहुतेक पौर्णिमांना सावलीच्या वरून नाहीतर खालून आरामात निसटतो. हातात धरलेल्या गोळ्याला तेवढी मोकळी जागाच मिळत नाही.

आणि तिला एक उलटा प्रश्न विचारा. दिव्याकडे तोंड करून उभी राहिलीस तर अष्टमीला गोळा तुझ्या डाव्या हाताला, तुझी सावली पडते पाठीमागे. मग गोळ्याचा अर्धा भाग काळा कोणी केला? त्याचा त्यानेच. दिव्याकडची बाजू उजळते, पलीकडची अंधारात राहते. गोळा कुठेही धरा, अर्धा उजळलेला असतोच (ग्रहण सोडून). त्या अर्ध्यातला किती आपल्याकडे वळलाय, एवढाच प्रश्न.

बडोदेकरीणबाई, उपासाचं सासूबाई ठरवतील. पण बडोदं मुंबईच्या जवळपास सरळ उत्तरेला आहे, त्यामुळे वेळ फार बदलत नाही. इंदुरात चंद्र तुमच्या आधी दहाएक मिनिटं उगवतो.

सराफ्याची आत्या

वीतभर वर धरल्यावर पौर्णिमा झाली! अंबाड्याचा उल्लेख घरात वाचून दाखवला गेला, त्याबद्दल आभार 🙂 पण पाऊण चंद्राचं काय?

चहाबाज

भिंती पांढऱ्या आहेत का? भिंतीवरून उजेड परत येतो आणि काळी बाजू राखाडी दिसते. आमच्याकडे असंच झालं होतं, मागे गडद चादर टांगली तेव्हा कडा नीट दिसली.

निवृत्त मास्तर

चादर टांगाच, पण पाऊण चंद्र भिंतीमुळे नाही, दिवा जवळ असल्यामुळे झालाय. दिवा तुमच्यापासून एक मीटर, गोळा ६० सेंमी. गोळा अर्धा केव्हा दिसतो? जेव्हा काटकोन गोळ्यापाशी होतो, तुमच्यापाशी नाही. तुमच्या मांडणीत तो तुम्ही दिव्यापासून ५३ अंश वळलात तेव्हाच होऊन गेला. ९० अंशांपर्यंत पोचेस्तोवर पाऊण उजळला.

आपल्या तिथीच्या भाषेत सांगतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी. अष्टमी ८४ ला लागते, ९६ ला संपते, म्हणून अर्धा चंद्र अष्टमीला. आकाशात पाऊण चंद्र दिसतो १२० अंशांच्या आसपास, म्हणजे दशमी संपून एकादशी लागताना. तुम्ही अष्टमीच्या जागी एकादशी करून बसलात.

दिवा तीन मीटरवर न्या, अर्धा चंद्र ७८ अंशांवर येईल. वर्गात तेवढं चालून जातं. खरा सूर्य इतका लांब आहे की तिथे ९० ला फक्त किंचित कमी पडतं. प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ ॲरिस्टार्कसने हाच कोन मोजून सूर्याचं अंतर काढायचा प्रयत्न केला होता. त्याने ८७ धरला आणि सूर्य चंद्राच्या एकोणीसपट लांब ठरवला. प्रत्यक्षात तो जवळपास चारशेपट लांब आहे. कोनातली तीन अंशांची चूक इतकी महागात पडते. तुमची ३७ अंशांची आहे, तेव्हा एक्स्टेंशन बोर्ड आणा.

आणि गिरकी डावीकडे घ्या, म्हणजे आधी उजवी कड उजळेल, शुक्ल पक्षात दिसते तशी. उजवीकडे वळलात तर कृष्ण पक्ष उलटा चालू होतो.

सराफ्याची आत्या

एक्स्टेंशन शेजारून आणला, दिवा दरवाज्यापाशी नेला. आता अष्टमी जवळपास अष्टमीलाच होते. भाची पहिल्यांदा उजवीकडेच वळली होती, तेही सापडलं.

पण आता तिने नवीन काढलंय. पुस्तकात चंद्रकोर उभी असते, ( अशी. आमच्या गच्चीवरून मात्र ती कधीकधी होडीसारखी आडवी दिसते. गोळ्यावर तशी आणायची कशी?

लष्करवाला

इंदूर कर्कवृत्ताजवळ आहे ना, म्हणून. चंद्र जवळजवळ डोक्यावरून जातो.

निवृत्त मास्तर

अर्धं कारण ते. पण मग वर्षभर होडीच दिसायला हवी. फाल्गुन-चैत्रातली कोर आणि भाद्रपद-अश्विनातली कोर, दोन्ही गच्चीवरून काढून ठेवायला सांगा तिला. गोळ्यावर दाखवायचं तर दिवा जमिनीवर ठेवून करून बघावं लागेल, मी स्वतः अजून केलेलं नाही.

बडोदेकरीण

भाद्रपदातली चतुर्थीची कोर बघायची नसते हं. तृतीयेची काढा.