शोकसंदेश वाचताना

> रविवारी काकांची शोकसभा. चाळीसेक संदेश मला वाचायचे आहेत. नाटकी होऊ नये म्हणून काय करू?

सगळे वाचू नका. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढंच लिहिलेल्यांची फक्त नावं घ्या. काकांची एखादी आठवण सांगणारे पाच-सहा निवडा, कागदावर मोठ्या अक्षरात उतरवा. मोबाइलवर वाचताना मध्येच फोन येतो. खाजगी मजकूर काकूंना आधी दाखवा.

प्रत्येक वेळी आधी पाठवणाऱ्याचं नाव आणि नातं सांगा, नाहीतर ‘त्यांनी माझी फी भरली’ हे तुमचंच वाटतं. मग बातमी वाचतो तसं सरळ वाचा. दुसऱ्याच्या हुंदक्याला आपला आवाज देऊ नका. (मागे बासरी तर नकोच!) तुमचाच कंठ दाटला तर थांबा, पाणी प्या, तेच वाक्य पुन्हा घ्या.