दुभाष्यामार्फत फोन: दर वाक्याला खात्री करायची की सगळं एकदम सांगायचं?

फ्रंटडेस्क_नागपूर
वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनला आहे. दीक्षाभूमी बघायला येणारे थायलंडचे पाहुणे आमच्याकडे उतरतात. इंग्रजी जेमतेम, म्हणून फोनवर दुभाषी ताईंना कॉन्फरन्समध्ये घेतो. आमचे सर म्हणतात, एक छोटं वाक्य बोला, थांबा, खात्री करा, मग पुढचं. दोन मिनिटांचा फोन यात दहा मिनिटं चालतो आणि पाहुणे वैतागतात असं मला वाटतं. सगळं एकदम सांगून दुभाष्यावर सोडलं तर काय बिघडेल?

प्रतापनगरचा_टूरवाला
काही बिघडत नाही. दुभाष्याला पैसे त्याचेच देतो ना आपण? मी तर पूर्ण कार्यक्रम एका दमात सांगतो, तो त्यांच्या भाषेत सांगून टाकतो आणि शेवटी पाहुण्याला विचारतो, समजलं का? हो म्हणाला की फोन बंद. वेळ आणि ठिकाण मग व्हॉट्सअॅपवर पाठवतो. लेखी असलं की भांडण नाही.

थाई_दुभाषी
लेखी पाठवण्याचं तुमचं बरोबर आहे, ते सगळ्यांनीच करावं. पण "समजलं का" या प्रश्नाला मी आजवर "नाही" असं उत्तर फारसं ऐकलेलं नाही. तुमचा मान राखायला, दुभाष्याला त्रास नको म्हणून, कधी फोन लवकर संपावा म्हणून पाहुणा हो म्हणतो. त्या "हो"वर गाडी पाठवू नका.

एक उदाहरण सविस्तर सांगते. पाहुण्यांना शनिवारी पेंचची सकाळची सफारी आहे, हॉटेलातून पहाटे चारला निघायचं आहे. रिसेप्शनवरून एका श्वासात असं येतं: "त्यांना सांगा, उद्या गाडी चारला येईल, पासपोर्ट ओरिजिनल घ्या, नाश्ता पॅक करून देऊ, आणि त्या जास्तीच्या माणसाचं काय ते बघून घेऊ." यात माझ्याकडे चार गोष्टी आल्या. शेवटची अर्धवट आहे, आणि "चार" धोक्याचा आहे.

थाई बोलण्यात दिवसाचे सहा-सहा तासांचे भाग करून तास मोजतात. पहाटेचे चार म्हणजे चार, संध्याकाळचे चारही चारच. पण रात्रीचे दहा हेसुद्धा त्यांच्या मोजणीत "चार" होतात, कारण तिथे सातपासून पुन्हा एक, दोन, तीन सुरू होतं. जुन्या पद्धतीने बोलणारे सकाळच्या दहालाही चार म्हणतात. प्रत्येक भागाचा शब्द वेगळा असतो, पण फोनवर तोच नेमका गिळला जातो आणि आकडा तेवढा ऐकू येतो. त्यात पाहुणा बँकॉकहून बोलत असेल तर त्याचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं.

म्हणून मला असं द्या: "शनिवारी गाडी येईल." थांबा. "पहाटे चार वाजता, भारताच्या वेळेनुसार, सूर्य उगवायच्या आधी." थांबा. मग पाहुण्याला विचारा, "शनिवारी तुम्ही किती वाजता खाली लॉबीत याल?" उत्तर त्यांच्या तोंडून यायला हवं, माझ्या नाही. ते "रात्री दहाला" म्हणाले, तर चूक फोनवरच सापडली.

विदर्भातली_सून
माझा अनुभव हॉटेलचा नाही, दवाखान्याचा आहे, तरी सांगते. माझ्या सासूबाई तेलुगूच बोलतात. इथल्या एका हॉस्पिटलातून फोन आला की माझा दीर मध्ये बोलून राहतो. डॉक्टर सहा वाक्यं बोलले तर तो सासूबाईंना दोन सांगतो, आणि त्या काही विचारत असल्या तर स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. वाईट हेतू नाही जी त्याचा, पण "गोळी उपाशीपोटी" हे दोनदा राहून गेलं. तेव्हापासून मी डॉक्टरांना सांगते, त्यांच्याकडूनच परत म्हणवून घ्या.

थाई_दुभाषी
@विदर्भातली_सून घरातला माणूस दुभाषी असला की हे फार होतं. फ्रंटडेस्कवाल्यांनी पण लक्ष ठेवावं: पाहुणा आणि दुभाषी दोन मिनिटं आपापसात बोलले आणि तुमच्याकडे एकच वाक्य आलं, तर अदबीने विचारा, "पाहुणे काय म्हणाले, तेवढंच सांगा." चांगला दुभाषी रागावत नाही.

जुना_हॉटेलवाला
ताईंच्या अनुभवाचा मान राखून माझं मत वेगळं आहे. दर वाक्याला परत म्हणवून घेणं हा पाहुण्याचा अपमान होतो. साठीतले गृहस्थ आहेत, मुलांसारखी उजळणी करायला लावता का? मी आमच्या पोरांना इतकंच शिकवलं की आकडा, तारीख, पैसे आणि नाव यांची खात्री करा. "खोलीत किटली आहे" याची खात्री कशाला? तिथे चूक झाली तरी कुणाची सफारी चुकत नाही.

आणि परत म्हणायला लावायची पद्धतही पाहा. "मी नीट सांगितलं ना ते पडताळतो, गाडी कधी येईल म्हणालो मी?" असं विचारलं की ओझं आपल्यावर येतं. पाहुणा खुशीने सांगतो.

थाई_दुभाषी
हे मला पटतं, फक्त यादीत एक जोडा: पाहुण्याने काय बरोबर आणायचं. पेंचच्या गेटवर परमिटवरचा पासपोर्ट नंबर आणि हातातला मूळ पासपोर्ट जुळवून पाहतात. फोटोकॉपी घेऊन दोन तासांचा रस्ता तोडला तर आत सोडत नाहीत.

प्रतापनगरचा_टूरवाला
मान्य, वेळेचं मी विचारून घेत जाईन. पण "त्यांना सांगा" म्हणायचं नाही, थेट "तुमची गाडी" म्हणायचं, असं काही जण शिकवतात ते मला जमत नाही. दुभाषी "मी शाकाहारी आहे" म्हणाला की आमचा पोरगा दुभाष्याचंच जेवण शाकाहारी लिहितो.

थाई_दुभाषी
थेट बोललेलं मला सोपं जातं, वाक्य जसंच्या तसं नेता येतं. पण तुमच्या पोराची अडचण खरी आहे. मी फोनच्या सुरुवातीलाच दोन्हीकडे सांगते की "मी" म्हटलं तर पाहुणा बोलतोय, माझं स्वतःचं असेल तर "दुभाषी विचारतेय" म्हणेन. तरी गोंधळ होत असेल तर "पाहुणे म्हणतात" वापरा, यावर मी अडून बसणार नाही.

सावनेर_रोड
माझं ऐका, रिसेप्शनच्या चार जणांना थाई शिकवा. सहा महिन्यांत दुभाष्याची गरजच पडणार नाही.

जुना_हॉटेलवाला
@सावनेर_रोड "नमस्कार, चहा घ्या" इतकं येईल हो, आणि ते शिकावंच. पण बुकिंग रद्द झालं तर किती पैसे कापले जातील, हे सहा महिन्यांच्या भाषेत समजावू नका. उद्या दुसरा गट जपानचा आला तर?

फ्रंटडेस्क_नागपूर
आता आकडा, तारीख, पैसे, नाव आणि बरोबर आणायच्या वस्तू, एवढ्याचीच खात्री करेन. आज दुपारी एका कुटुंबाचा अॅडव्हान्स घ्यायचा आहे, ते कार्डचा नंबर फोनवर देतो म्हणतात. तो दुभाषी ताईंमार्फत घेऊ का?

थाई_दुभाषी
नको. कार्डचा नंबर माझ्या कानावरही यायला नको, आणि काउंटरवर स्पीकर चालू असेल तर लॉबीतल्या कोणाच्याच नाही. पेमेंट लिंक पाठवा. रक्कम तेवढी फोनवर सांगा, आणि "दीड हजार" न म्हणता "एक हजार पाचशे" म्हणा. फोन आतल्या खोलीतून करा, आणि पाहुण्यांना जोडायच्या आधी मला दोन मिनिटं द्या: नाव, तारखा, रक्कम, किती माणसं.

जुना_हॉटेलवाला
रद्द केल्यास काय होईल, तेही त्याच फोनवर सांगून टाका. ते कुणी सांगत नाही आणि भांडण तिथेच होतं.

प्रतापनगरचा_टूरवाला
त्यावर माझं मत वेगळं आहे. अॅडव्हान्स घेतानाच रद्दची गोष्ट काढली की पाहुणा बिचकतो. मी ते लेखीच पाठवतो, त्यांच्या भाषेत.

थाई_दुभाषी
लेखी पाठवा, पण त्यातली तारीख "03/04" अशी लिहू नका. महिन्याचं नाव अक्षरात लिहा.