दर हजारी काढा, पण मूळ आकडा लपवू नका

> "नौपाडा शाखेच्या ६२ तक्रारी, ऐरोलीच्या फक्त ६. एकाच अहवालात तुलना कशी दाखवू?"

आमच्या पतसंस्थेतही दर तिमाहीला हाच वाद व्हायचा. नौपाड्यात समजा १२,४०० खातेदार आहेत आणि ऐरोलीत ८५०. तक्रारींना खातेदारांनी भागून हजाराने गुणलं, की नौपाडा ५.० आणि ऐरोली ७.१. म्हणजे चित्र उलटंच!

पण लगेच ऐरोलीच्या मॅनेजरला धारेवर धरू नका. तिथे एक तक्रार वाढली तर दर ७.१ वरून थेट ८.२ वर जातो. नौपाड्यात एका तक्रारीने ०.१ सुद्धा हलत नाही. ढोबळ अंदाजासाठी तक्रारींच्या संख्येचं वर्गमूळ घ्या आणि त्याची दुप्पट इकडेतिकडे धरा. सहाचं वर्गमूळ साधारण अडीच, म्हणजे ऐरोलीत नुसत्या योगायोगानेही १ ते ११ तक्रारी येऊ शकतात. दरात तेच १.२ ते १२.९. नौपाड्याचा ५ त्यातच बसतो, म्हणून 'ऐरोली वाईट' असं एका तिमाहीवरून म्हणता येत नाही. छोट्या शाखांचे आम्ही चार तिमाही एकत्र करून दर काढतो, आणि दराशेजारी मूळ आकडा छापतोच.

संपूर्ण संस्थेचा दर काढताना शाखांच्या दरांची सरासरी घेऊ नका (ही चूक मी स्वतः केली आहे, संचालकांसमोर). तशी ती ६.० येते. ६८ तक्रारींना १३,२५० ने भागून हजाराने गुणा, खरा दर ५.१ आहे.