घरमालकाची नोटीस: पाईप, भाडेवाढ आणि चावी (अनुभव)

सागरगोटा: आज भावाला त्याच्या मालकांचा मेसेज आला आणि रत्नागिरीतली आमची 2024 ची नोटीस आठवली. तीनच ओळी होत्या. सोमवार ते बुधवार बाथरूमचे पाईप बदलणार, चाव्या वॉचमनकडे द्या, 1 जूनपासून नवीन भाडं. सगळ्यांना वाटलं, पाईपांचा खर्च आपल्याच माथी मारतायत. मी करार काढला. 16 सप्टेंबर 2023 पासून 33 महिने, दर 11 महिन्यांनी 5 टक्के. म्हणजे 8,500 चे 8,925 व्हायचे ते 16 ऑगस्टला. कलमाचा फोटो मालक काकांना पाठवला, त्यांनी त्याच रात्री तारीख बदलली. चावीला मात्र मन होईना, आई दिवसभर घरात एकटी. तुमच्याकडे काय झालं?

नारळीपाक: 4 टक्क्यांच्या वर वाढवताच येत नाही ना कायद्याने?

जांभा: ते भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 11, भाडेकरूंसाठी. लिव्ह अँड लायसन्सला करारात लिहिलंय तेच. चावीबद्दल कलम 28 बघा. मालक घर पाहू शकतो, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. चावी देऊन ठेवा असं त्यात कुठे नाही. आम्ही प्रत्येक फ्लॅटची वेळ मागितली. आमची 11 ते 1 होती, मी तेवढ्यापुरती सुट्टी काढली.

मालवणी_मीनू: आमच्याकडे सकाळी पहिली बादली लालच येते. कपडे पिवळे पडतात. याचं काय करू?

जांभा: पहिलीच लाल आणि नंतरचं स्वच्छ असेल तर बहुधा लोखंडी पाईप आतून गंजलाय. खाऱ्या हवेने बाहेरूनही गंजतो. मालकांना पहिल्या बादलीचा फोटो लेखी तक्रारीसोबत पाठवा.

दापोलीकर_ताई: कुकर लावलाय, घाईत लिहिते. पाईप बदलल्यावर लगेच टाइल बसवू देऊ नका!! आमच्याकडे दुपारी जोड, संध्याकाळी टाइल. तीन आठवड्यांनी खालच्या काकूंच्या छताला पिवळा डाग, बोट लावलं तर पोपडा हातात. फोडून पाहिलं तर एल्बोच्या एका बाजूला सोल्युशन पोचलंच नव्हतं. दुसऱ्या प्लंबरने जोड सुकू दिला, मग हातपंपाने दाब देऊन काटा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी जरा खाली आलेला, तेव्हा आणखी एक जोड सापडला. भिंत उघडी होती म्हणून दहा मिनिटांत काम झालं.

सागरगोटा: ताई, हे भावाला आत्ताच पाठवते. आणि काकूंचं छत कोणी रंगवलं?

दापोलीकर_ताई: मालक म्हणतात प्लंबर देईल, प्लंबर फोन उचलत नाही. काकू मात्र रोज वर येऊन विचारतात, फार वाईट वाटतं.

नारळीपाक: माझा करार जुना, पागडीचा आहे. मग माझे 4 टक्केच ना?

जांभा: कागद बघितल्याशिवाय नाही सांगत. पावत्या कधीपासूनच्या आहेत?

मालवणी_मीनू: फोटो काढला, पाठवते आता. गणपतीला पाहुणे येणारेत, त्याआधी झालं तर बरं.