जमा रक्कम आणि विक्री यांच्यामध्ये एक खाते हवे

> "पेमेंट गेटवेकडून बँकेत येणारी रक्कम विक्रीच्या नोंदीशी कधीच जुळत नाही. फरक कुठे दाखवावा?"

बँकेत आलेली रक्कम थेट विक्री म्हणून नोंदवू नये, कारण त्यामुळे विक्री आणि खर्च दोन्ही कमी दिसतात. त्याऐवजी 'गेटवेकडून येणे' असे मधले खाते उघडावे आणि प्रत्येक विक्री पूर्ण रकमेने त्याच्या नावे टाकावी. समजा, एका सेटलमेंटमध्ये 10,000 ची विक्री आहे, 200 शुल्क कापले गेले आहे आणि आधीच्या एका ऑर्डरचा 1,500 चा परतावा वजा होऊन बँकेत 8,300 आले आहेत. परतावा दिला त्याच दिवशी तो विक्री परताव्याच्या नावे आणि मधल्या खात्यात जमेला नोंदवलेला असेल, तर त्या खात्यात 8,500 येणे उरते. बँकेत आलेले 8,300 आणि शुल्काचे 200 तिथे जमा केले की शिल्लक शून्य होते.

नेहमीची चूक इथेच होते: सेटलमेंट अहवालात परतावा दिसतो म्हणून तो पुन्हा नोंदवला जातो आणि खात्यात 1,500 ची जमा शिल्लक अडकून राहते. तीच रक्कम पुढच्या सेटलमेंटनंतरही हलली नाही, तर दुबार नोंद शोधावी.

महिनाअखेरीस मात्र शिल्लक शून्य असेलच असे नाही. शेवटच्या दिवसांची विक्री पुढच्या महिन्यात बँकेत येते, म्हणून शिल्लक रकमेची सेटल न झालेल्या व्यवहारांच्या यादीशी व्यवहार क्रमांकानुसार पडताळणी करावी. परतावा दिल्यावर मूळ शुल्क अनेक गेटवे परत करत नाहीत. ते खर्चातच राहू द्यावे.