प्रतिसाद: पीएसए वाढलंय म्हणजे कॅन्सरच?

>> बाबा ६८ वर्षांचे, चेकअपच्या पॅकेजमध्ये पीएसए ६.२ आलंय. कॅन्सरच असेल का?

लगेच तसं धरू नका. पीएसए हे रक्तात मोजलं जाणारं प्रथिन प्रोस्टेट ही पुरुषांची ग्रंथीच तयार करते, म्हणून ग्रंथी वयानं वाढली, लघवीचं इन्फेक्शन झालं किंवा कॅथेटर घातला असला तरी आकडा चढतो. ४ ते १० मधे बायोप्सी केलेल्या साधारण चौघांत एकाला कॅन्सर निघतो. इन्फेक्शन असेल तर ते बरं झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी परत टेस्ट करा, तरी वरच राहिलं तर युरॉलॉजिस्ट बहुतेक बायोप्सीआधी एमआरआय सांगतील. आणि बाबांना प्रोस्टेट वाढीवरचं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हे औषध चालू आहे का तेही बघा, सहा महिने घेतल्यावर पीएसए निम्म्यावर येतं, म्हणजे ६.२ चे साधारण १२ धरायचे (पॅकेजवाले हे कुठे विचारतात!).

बाकी सगळ्याच पुरुषांची सरसकट पीएसए टेस्ट करावी का, हा वर चाललेला वाद खराच आहे. बरेच प्रोस्टेट कॅन्सर इतके हळू वाढतात की माणसाला कधी त्रासच झाला नसता, पण एकदा सापडला की बऱ्याचदा ऑपरेशन नाहीतर रेडिएशन, आणि मग काहींना लघवी गळणं, ताठरता जाणं हे मागे लागतं. म्हणून कुठल्या तपासण्या कराव्यात हे सुचवणाऱ्या अमेरिकेच्या टास्क फोर्सनं २०१२ ला सरसकट टेस्ट नकोच म्हटलं, २०१८ ला ५५ ते ६९ वाल्यांनी डॉक्टरशी बोलून ठरवा म्हणाले, सत्तरीनंतर मात्र नकोच.